जुहारीच्या नावाखालचं साल

नीनी ओनाह पहिल्यांदा आल्या तेव्हा लिफ्ट बंद होती. आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद असणं ही काही बातमी नव्हे. पण पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई तासिकमलायाच्या पलीकडच्या खेड्यातून पहाटेची बस धरून बांडुंगला येते, तिसरा मजला चढते आणि वर पोचल्यावर पाणीसुद्धा मागत नाही, याची मात्र आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. हातात तांदळाच्या कुरकुरीत ओपाकची पिशवी, डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधलेला. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "शब्दांचं ऑफिस हेच ना, नेंग?"

मी हो म्हटलं. ‘नेंग’ म्हणजे बाळ, जसं ‘नीनी’ म्हणजे आजी. पन्नाशी उलटल्यावर मला बाळ म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, त्यामुळे मी जरा विरघळलेच. एरवी मी विरघळणाऱ्यांतली नाही. ऑफिसात मला खुसपटकर म्हणतात, हे मला माहीत आहे, आणि ते म्हणणारा आचेंग माझ्याच शेजारच्या टेबलावर बसतो.

आम्ही सुंदा भाषेचा ऐतिहासिक कोश करतो. म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ सांगून मोकळं व्हायचं नाही. तो शब्द पहिल्यांदा कुठे लिहिलेला सापडतो, तेव्हा त्याचा अर्थ काय होता, मग कधी आणि कसा बदलला, हे सालासकट आणि वाक्यासकट दाखवायचं. एकेका वाक्याचं एकेक कार्ड. कॉम्प्युटर आल्यावरही कार्डं गेली नाहीत, कारण आमचे साहेब पाक सोमांत्री यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही आणि माझा पाक सोमांत्रींवर नाही. या कामात सालाला फार किंमत असते. वाक्य खरं आणि साल खोटं असेल, तर शब्दाची सगळी गोष्टच खोटी होते.

नीनींचं काम एका शब्दाचंच होतं. त्यांच्या चिकावुंग गावात डचांशी झालेल्या लढाईत मेलेल्या गावकऱ्यांसाठी एक दगड उभा राहणार होता. नावं ठरली होती. त्यांत त्यांच्या वडिलांचं, जुहारींचं नाव नव्हतं. जुहारी घरातून गेले तेव्हा नीनी रांगत होत्या. प्रेत कधी मिळालं नाही. त्यांच्याविषयी लिहिलेलं असं जगात एकच वाक्य होतं, तेही त्यांच्या थोरल्या भावाने, गावच्या शाळेचे हेडमास्तर सुहांदा यांनी, आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलेलं. नीनींना ते तोंडपाठ होतं:

‘डचांनी बाजार जाळला त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ जुहारी एका पहाटे आपल्या गोरोम्बोलानबरोबर डोंगर ओलांडून गेला. तो परत आला नाही.’

एवढंच. आणि सगळी अडचण गोरोम्बोलान या शब्दाची.

आमच्याकडे आजही म्हाताऱ्या माणसांसमोर हा शब्द काढला, तर ती दाराकडे बघतात. डच गेल्यावर, पन्नासच्या दशकात, डोंगरात नव्या सरकारविरुद्ध उठलेले बंडखोर होते. रात्री उतरायचे, तांदूळ न्यायचे, घरं पेटवायचे. मग दिवसा लष्कर येऊन विचारायचं, तांदूळ कुणी दिला? त्या सगळ्या काळालाच लोक ‘गोरोम्बोलानचा काळ’ म्हणतात. माझी आई गारुतची, त्याच डोंगराखालची. आम्ही जेवायला नखरे केले, की ती ‘गोरोम्बोलान येईल’ म्हणायची, आणि आम्ही निमूट जेवायचो. तेव्हा जुहारी गोरोम्बोलानबरोबर गेला याचा अर्थ गावाने एकच घेतला: हा डचांशी लढताना मेला नाही, हा बंडखोरांत सामील झाला. दगडावर याचं नाव कसं घालणार?

कमिटीचा प्रमुख गावचा कुवू, म्हणजे सरपंच. माणूस सज्जन होता. त्यानेच नीनींना सांगितलं होतं, की तेव्हा त्या शब्दाचा अर्थ वाईट नव्हता असं शब्दांच्या ऑफिसने लेखी दिलं, तर मी नाव घालतो. म्हणून त्या आल्या होत्या.

"मला शाळेत गोरोम्बोलानची पोर म्हणायचे," त्या म्हणाल्या. "आता माझ्या नातवंडांची लग्नं झाली. तरी अजून गावात कुणाचं भांडण झालं, की तो शब्द निघतोच. दगडावर नाव आलं, की तोंडं बंद होतील. मग मी मरायला मोकळी."

नेमकं त्याच वेळी बाहेरच्या खोलीतल्या नव्या मुली जेवायला निघाल्या आणि त्यांतली एक ओरडली, की चला, आपला गोरोम्बोलान निघाला बाक्सो खायला. नीनींचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला. पोरींना काय कल्पना. त्यांच्या तोंडी तो शब्द पुन्हा नुसता घोळका झाला आहे, वर थोडा वात्रटपणाचा मसाला.

पाक सोमांत्रींना हे प्रकरण समजलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. त्यांना ते वाक्य ओळखीचं होतं. आमच्या कोशात गोरोम्बोलानची नोंद लिहून तयार होती, आणि त्यात हेच वाक्य घेतलेलं होतं. त्यांनी नीनींना समोर बसवून, एखाद्या गवयाने आपली आवडती चीज म्हणावी तसा, तो शब्द ऐकवला.

सगळ्यांत जुन्या कार्डांवर तो शब्द माणसांचा नाहीच. बांबूचं बेट, फळांचा घोस, एका जागी दाटीने वाढलेलं काहीही. मग पाखरांचे थवे. मग कुणाला तरी चौकात दाटीने उभी असलेली माणसं त्या बेटासारखी दिसली, आणि शब्द माणसांना लागला. हे रूपक. तोवर त्यात चांगलंही काही नाही, वाईटही नाही. लग्नाला निघालेल्या बायकांचा घोळका तो गोरोम्बोलान, आणि चोरांचा असेल तर ‘चोरांचा’ हा शब्द वेगळा जोडावा लागे. पुढे तो वाईट शेजाऱ्यांबरोबरच इतका हिंडला, की शेजारी गेले तरी बदनामी त्याच्याच अंगाला चिकटून राहिली. ‘चोरांचा’ म्हणायची गरजच उरली नाही. हा अर्थापकर्ष. आणि मग अर्थ आक्रसत गेला: कुठलाही घोळका नव्हे, बंदूकवाला घोळका, कुठलाही बंदूकवाला नव्हे, आमच्या या डोंगरातले ते. हा अर्थसंकोच.

"आणि तुमच्या काकांचं वाक्य," साहेब म्हणाले, "साल एकोणीसशे पन्नास. तुमच्याच भागातलं आणि अर्थ अजून साधा! ‘आपल्या घोळक्याबरोबर गेला.’ बस्स. हे आमचं फार मौल्यवान कार्ड आहे, नीनी. पत्र शुक्रवारपर्यंत पाठवतो."

नीनींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. साहेब लाजले. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, की उवा सुहांदांनी लिहिलंय म्हणजे ते चांगल्याच अर्थाने लिहिलेलं असणार, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. उवा म्हणजे आईबापांची थोरली भावंडं. नीनींची आई वर्षभरात गेली, आणि या उवांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. गावच्या शाळेला त्यांचंच नाव आहे. दर शुक्रवारी नीनी त्यांच्या कबरीवर पाकळ्या वाहतात. बापाची कबर नाहीच, त्यामुळे बापाच्या वाट्याचंही तिथेच वाहतात.

त्या गेल्या आणि मी गोरोम्बोलानची सगळी कार्डं काढून टेबलावर सालाप्रमाणे मांडली. पत्राचा मसुदा मलाच करायचा होता.

मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. एकोणपन्नासच्या पुढची, आमच्या भागातली जेवढी कार्डं होती, ती सगळी वाईट अर्थाची. बातम्या, पत्रं, तक्रारअर्ज, सगळीकडे गोरोम्बोलान म्हणजे ते. साधा अर्थ उरला होता तो दूर उत्तरेच्या किनाऱ्याकडच्या लिखाणात, जिथे बंड पोचलंच नव्हतं. आमच्या डोंगराखालचं साधं कार्ड एकच, सुहांदांचं. भर लढाईच्या मुलखात राहणारा, रोज पेपर वाचणारा हेडमास्तर हा शब्द असा निरागसपणे वापरतो? तेही आपल्या हरवलेल्या भावाबद्दल?

मी आचेंगला विचारलं, हे कार्ड कुणाचं. अक्षर त्याचंच होतं.

"प्रस्तावनेखाली साल आहे, तेह तार्सिह. एकोणीसशे पन्नास. ढळढळीत." तेह म्हणजे ताई.

"आणि पुस्तक कधी छापलंय?"

तो उठला. पुस्तक कपाटात होतं. मुखपृष्ठाच्या मागे, बारीक टायपात लिहिलं होतं: दुसरी आवृत्ती, एकोणीसशे बासष्ट. जुनी प्रस्तावना जशीच्या तशी पुन्हा छापलेली, आणि आचेंगने त्या प्रस्तावनेचं साल उचलून कार्डावर टाकलेलं. या धंद्यात ही चूक करत नाही असा माणूस नाही. पण पाक सोमांत्रींनी त्या चुकीवर आख्खा अर्थ उभा केला होता: पन्नास साली अर्थ साधा होता, कारण हे वाक्य, आणि या वाक्यात अर्थ साधा आहे, कारण साल पन्नास. स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, की दुसरी आवृत्ती म्हणजे तेच पुस्तक पुन्हा. लेखक तोच, वाक्य तेच. तुला खुसपटं काढल्याशिवाय अन्न पचत नाही. म्हातारी वाट बघतेय, दगडावर अक्षरं कोरायला माणूस येऊन बसलाय. मी म्हटलं, वाक्य तेच आहे हे पहिली छपाई पाहिल्याशिवाय कसं म्हणता? त्यावर ते चष्मा पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले म्हणजे त्यांना पटलंय, पण पटल्याचं कबूल करायचं नाहीये.

खरं सांगते, मलाही ते पत्र पाठवायचं होतं. त्या बाईचे हात मी पाहिले होते. पण साल चुकीचं आहे हे कळल्यावर ते लिहायला माझा हात उठेना.

पहिली छपाई पुस्तकाची नव्हतीच. आठवणी आधी बांडुंगच्या एका साप्ताहिकात क्रमशः आल्या होत्या, पन्नास सालीच, त्याच प्रस्तावनेसह, आणि तीच पहिली आवृत्ती धरली होती. त्याचे बांधीव अंक एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी निघाले. त्यांनी दुपारी आल्याचं गरम बांद्रेक पाजलं आणि वाळवीने खाल्लेली पानं उलटताना श्वास धरायला सांगितलं. पुस्तक शेजारी ठेवून मी ओळ न ओळ ताडून पाहत गेले. अक्षरन्‌अक्षर तेच होतं. साहेब बरोबर होते असं मला वाटायला लागलं आणि बरंही वाटायला लागलं.

मग ते वाक्य आलं.

‘डचांनी बाजार जाळला त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ जुहारी एका पहाटे आपल्या बाबातुरानबरोबर डोंगर ओलांडून गेला.’

बाबातुरान. सवंगडी. गोरोम्बोलान तिथे नव्हताच.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या हातून असं होत नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जवळपाससुद्धा नाहीत. तरी मी शेवटची आशा म्हणून पुढे वाचत राहिले. सुहांदा पन्नास साली हा शब्द भोळेपणाने वापरत असतील, तर बासष्टमध्येही त्यांनी सहज, भाषा सजवायची म्हणून, बदलला असेल असं म्हणता आलं असतं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो शब्द सापडला. गावात रात्री शिरून, बंदूक रोखून तांदूळ नेणाऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलं होतं: ‘गोरोम्बोलान आले.’ पुढे विशेषण नाही, खुलासा नाही. म्हणजे पन्नास सालीच त्यांच्या लेखी या शब्दाचा अर्थ तोच होता, आणि भावासाठी त्यांनी दुसरा, प्रेमाचा शब्द जपून निवडला होता. बारा वर्षांनी तो काढला आणि हा घातला. बासष्ट साली आमच्या डोंगराखाली या शब्दाचा अर्थ न कळणारं शेंबडं पोरही नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी त्यांची एक छोटी टीप होती: ‘मुद्रणाचे प्रत्येक पान मी स्वतः तपासले आहे.’ ती मी आधीही वाचली होती. आता त्या पानाचीही प्रत काढून घेतली.

ऑफिसात पाक सोमांत्रींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, जुहारीचं काम तर झालंच, उलट चांगलं झालं. पत्रात लिही, की मूळ छपाईत ‘सवंगडी’ आहे. कुणी बदललं ते लिहू नको. मी म्हटलं, गावात घरोघरी ते पुस्तक आहे, कुवू पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि कुवूने विचारायच्या आधी नीनींना तो पडणार. त्यावर त्यांनी मला बसभाडं मंजूर केलं. हे ते एरवी करत नाहीत.

चिकावुंगला मी दुपारी पोचले. नीनींनी केळीच्या पानातली मासळी उघडून ठेवली होती, भात गरम होता. भिंतीवर काळ्या टोपीतल्या माणसाचा मोठा फोटो. शांत डोळे, पातळ ओठ. "हे उवा," नीनींनी ओळख करून दिली. त्याच फोटोखाली बसून मी जेवले. जेवण झाल्यावर मी दोन्ही पानांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते सांगितलं.

त्यांनी आधीचं पान वाचलं. ‘बाबातुरान’वर बोट ठेवून त्या हसल्या, आणि मग रडल्या. "सवंगडी," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला सवंगडी होते." बाप इतका माणसासारखा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. तिथेच थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

मग दुसरं पान हातात घेऊन त्यांनी विचारलं, की छापखान्यात चुकलं असेल का. मी नाही म्हटलं आणि शेवटची टीप दाखवली. त्यांनी विचारलं, उवांना वाटलं असेल का, की दोन्हींचा अर्थ एकच. मी पन्नास सालचं ते दुसरं वाक्य दाखवलं, तांदूळ नेणाऱ्यांचं. त्या शिकलेल्या होत्या, हेडमास्तरांची पुतणी. मला काही समजावावं लागलं नाही.

"बासष्ट साली," त्यांनी हळू विचारलं, "त्या शब्दाचा आणखी काही अर्थ होता का, नेंग? कुठेतरी? अगदी थोडासा?"

किनाऱ्याकडे होता, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं ते.

"इथे नव्हता, नीनी," मी म्हटलं.

"मग त्यांना माहीत होतं."

बाहेर कुणीतरी भात कांडत होतं, तो आवाज येत राहिला. मग नीनी बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे, फोटोशीही नव्हे. ते साल त्यांना नीट आठवत होतं. लष्कराने शेवटचा घेर घातला होता. गावोगावच्या बाप्यांना डोंगराभोवती एका ओळीत उभं केलं होतं. पोटऱ्यांचं कुंपण म्हणत त्याला, आणि उवाही त्यात उभे राहून आले होते. शाळेत लष्कराचा तळ होता. ज्यांच्या घरातलं कुणी बेपत्ता आहे, त्यांना एकेक करून बोलवत होते. शेजारच्या घरातली दोघं गेली ती आली नाहीत. उवांनाही बोलावलं. ते संध्याकाळी परत आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तकाचे कागद काढून बसले. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी त्याची एक प्रत तळावरच्या कॅप्टनला नेऊन दिली. सख्ख्या भावाला आपल्या हाताने बंडखोर लिहून देणाऱ्याच्या घराला मग कुणी हात लावला नाही. मग ते पुस्तक शाळेत धडा म्हणून लागलं.

"पोरं मला तसं म्हणायला लागली ती त्याच वर्षी," नीनी म्हणाल्या. "त्याच्या आधी नाही. मी समजत होते, शिपायांकडून ऐकलं असेल. मी रडत आले, की उवा माझं तोंड पुसायचे आणि म्हणायचे, ‘त्यांना काय माहीत, नको लक्ष देऊ.’" त्या थांबल्या. "पोरांनी धड्यात वाचलं होतं."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला वाचवायला केलं असेल. नीनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि तसं बोलल्याची मला लाज वाटली.

"वाचवलंच," त्या म्हणाल्या. "मी आहे ना इथे. बापाला देऊन मला घेतलं. मला विचारायला हवं होतं. मी पंधरा वर्षांची होते, मला विचारायला हवं होतं."

पत्रात सगळं लिहायचं की अर्धं, हे मी त्यांच्यावर सोडलं. कुवूला फक्त पन्नासचं पान दिलं तरी तो नाव घालेल, पण बदल कुणी केला हे विचारेल, हेही सांगितलं. त्यांनी ताटं उचलली, धुतली, पालथी घातली. मग रुमालाच्या टोकाला हात पुसत म्हणाल्या, सगळं लिही. शाळेवरचं नाव काढा म्हणून मी सांगणार नाही. पण अर्धं सांगायची रीत या घरात एकदा झाली, तेवढी पुरे.

कमिटीत ते पत्र वाचलं गेलं तेव्हा मी नव्हते. कुवूने फोनवर सांगितलं, की वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, की त्या वर्षी आपल्यातल्या कुणी काय काय लिहून दिलं, याची पत्रं कधी निघणार नाहीत ना. त्यानंतर जुहारीच्या नावाला कुणी हरकत घेतली नाही.

दगड उभा राहिला त्या दिवशी मी आणि आचेंग गेलो. आचेंगने मुळात कार्डाचं साल चुकवलं होतं म्हणून मी त्याला ओढून नेलं. नावं कोरलेली होती, जुहारीचं शेवटून तिसरं, नवी अक्षरं जरा जास्त पांढरी. लोक पुढे येऊन नीनींचे हात धरत होते. त्यांचा चेहरा मात्र उत्सवाचा नव्हता. पाकळ्यांची पिशवी त्यांच्या हातात होती, आणि पाकळ्या त्यांनी दोन वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या होत्या. एक पुडी त्यांनी दगडापाशी सोडली. दुसरी हातातच राहिली.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. कोशाबद्दल विचारायचं होतं. ते उवांचं वाक्य तुमच्या कोशात आहे ना, मग आता त्याचं काय करणार?

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. कार्ड आता साध्या अर्थाखाली ठेवता येत नव्हतं. ते पुढे सरकवून वाईट अर्थाखाली लावावं लागणार होतं, बंडखोरांच्या बातम्यांशेजारी, आणि त्यात जुहारी हे नाव जसंच्या तसं असणार होतं. छापलेलं वाक्य आम्ही बदलत नाही. दगडावर हुतात्मा आणि कोशात गोरोम्बोलान, असं ते होणार होतं, आणि आमचा कोश त्या दगडाहून जास्त टिकेल, असं निदान पाक सोमांत्रींना वाटतं. मी त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की त्या अर्थाची दुसरी कार्डं पुष्कळ आहेत, हे एक गाळलं तर शब्दाचं काही अडणार नाही. साहेबांशी मी बोलले होते, ते चष्मा पुसत होते.

नीनी दगडाकडे बघत राहिल्या. आचेंग मान खाली घालून उभा होता.

"गाळू नका," त्या म्हणाल्या. "आणखी किती गाळायचं? फक्त साल नीट घाला, नेंग. पन्नास नाही, बासष्ट."

मी हो म्हटलं.

"माझा बाप अठ्ठेचाळीस साली गेला," त्या म्हणाल्या. "वाचणाऱ्याला कळू दे, तो गोरोम्बोलान झाला नाही. त्याला केला. आणि केव्हा केला, तेही कळू दे."

दुसरी पुडी घेऊन त्या कबरस्तानाच्या वाटेला लागल्या. शुक्रवार होता.